फेसबुक आणि गूगल फोटोजच्या 'आठवणी', पोस्ट न उडवता, थांबवता येतात का?

रानजाई | १८ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच लिहितेय.

माझा धाकटा भाऊ ३ मे २०२१ ला गेला. त्याला आता काही वर्षं झाली, त्याबद्दल बोलायला हा धागा नाही. अडचण एवढीच आहे की एप्रिल सुरू झाला की फोनवर 'आजच्या दिवशी' चालू होतं. मी बँकेत काउंटरवर असते. काल एका आजोबांचं पासबुक प्रिंटरमध्ये घालत होते, शेजारी फोन उजळला आणि त्यावर '७ वर्षांपूर्वी' म्हणून तो भंडारदऱ्याला अर्धी मिरची भजी हातात धरून उभा. पासबुक उलटं घातलं गेलं.

मला त्याच्या पोस्ट किंवा फोटो काढून टाकायचे नाहीत. मला वाटेल तेव्हा मी स्वतः जाऊन बघते. फक्त ते आपणहून समोर यायला नकोत. आतापर्यंत मी दोन गोष्टी केल्यात: फोनच्या सेटिंगमधून फेसबुकचे नोटिफिकेशन बंद केले, आणि फेसबुकच्या Memories मध्ये Hide Dates मध्ये ३ मे २०२१ ही तारीख टाकली. तरीही येतात. काय चुकतंय?

बंडूशेठ | १८ एप्रिल, रात्री ११.०५

ताई, सरळ डिलीट करा. ना रहेगा बांस. मी २०१४ च्या निवडणुकीत काय काय लिहून ठेवलं होतं, दरवर्षी ते वर यायचं आणि ज्यांच्याशी भांडलो ते आता व्याही झालेत. एका रात्रीत सगळं साफ केलं. शांत झोप लागते.

मनुली | १८ एप्रिल, रात्री ११.२०

बंडूशेठ, त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की काढायचं नाही म्हणून.

रानजाई, भावाचं खातं 'स्मरणार्थ' करून घ्या ना. फेसबुकला मृत्यूचा दाखला पाठवला की नावाआधी Remembering असं येतं आणि त्रास थांबतो. आमच्या आतेभावाचं केलं होतं.

खटपट्या | १९ एप्रिल, सकाळी ७.१५

मनुली, ते चांगलंच आहे पण दुखणं वेगळं आहे. स्मरणार्थ केलेलं खातं वाढदिवसाच्या आठवणीत येत नाही, 'तुम्ही यांना ओळखता का' मध्ये येत नाही. पण रानजाईंना दिसतोय तो त्यांनी स्वतः टाकलेला फोटो, त्यांच्या स्वतःच्या खात्यातला. भावाच्या खात्याचं काहीही केलं तरी हा फोटो तिथेच राहणार.

रानजाई, तुम्ही जे दोन उपाय केलेत ते दोन्ही चुकीचे नाहीत, पण दोन्ही भलत्याच दाराला कुलूप लावतात. एकेक सांगतो.

फोनच्या सेटिंगमधून नोटिफिकेशन बंद केलं की वाजायचं थांबतं. अ‍ॅप उघडल्यावर फीडच्या डोक्यावर जे कार्ड येतं, त्याचा फोनच्या सेटिंगशी संबंध नाही. शिवाय परवा तुमचा फोन उजळला तो फेसबुकमुळे नसावाच, कारण तिथलं तुम्ही बंद केलंय. तुमच्याकडे गूगल फोटोज आहे का? 'इतक्या वर्षांपूर्वी' हे तिथलंही असू शकतं. दोन वेगळ्या ठिकाणांहून येतंय आणि तुम्ही एकाच ठिकाणी शोधताय असं वाटतं.

आता तारीख. हे बहुतेक सगळ्यांचं चुकतं. Hide Dates मध्ये टाकलेली तारीख म्हणजे 'दरवर्षी ३ मे ला मला काही दाखवू नका' असं नव्हे. त्याचा अर्थ 'ज्या पोस्ट ३ मे २०२१ या दिवशी टाकल्या, त्या दाखवू नका'. त्यामुळे येत्या ३ मे ला तुम्हाला २०१६ च्या ३ मे ची पोस्ट बिनधास्त येणार. त्या दिवसाला काही नको असणं आणि त्या काळातलं काही नको असणं या दोन गोष्टी आहेत, आणि हे बटण फक्त दुसऱ्या गोष्टीचं आहे.

दुपारी सविस्तर लिहितो, आता कामाला पळतो.

रानजाई | १९ एप्रिल, सकाळी ७.५०

अरे देवा. हे वर्षाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि हो, गूगल फोटोज आहे. भंडारदऱ्याचा फोटो कुठून आला ते आता आठवत नाही, मी बघितलं आणि फोन पालथा घातला.

टोरंटोकर | १९ एप्रिल, सकाळी ८.१०

खटपट्या येईपर्यंत माझा उपाय. Hide Dates मध्ये सुरुवात २००४ आणि शेवट २०५० टाका. सगळाच काळ लपतो, आठवणी कायमच्या बंद. फेसबुकमध्ये सगळं बंद करायचं एक बटण नाहीच, त्यामुळे लोक हीच युक्ती करतात.

मनुली | १९ एप्रिल, सकाळी ९.३०

माझ्या फोनवर पुढची तारीख घेतलीच नाही. आजची तारीख टाकून काम भागवलं. तुमच्याकडे कशी घेतली?

टोरंटोकर | १९ एप्रिल, सकाळी ९.३५

मी लॅपटॉपवरून केलं होतं, बऱ्याच वर्षांपूर्वी. आता बदललं असेल तर कल्पना नाही.

खटपट्या | १९ एप्रिल, दुपारी २.२०

टोरंटोकरांची युक्ती चालते, पण मग सगळंच जातं. मुलाचं पहिलं पाऊलही जातं. रानजाईंना ते हवंय का हे त्यांनी ठरवावं.

फेसबुकचं आधी. facebook.com/memories उघडा, किंवा अ‍ॅपच्या मेनूमध्ये Memories. वर दातेरी चाकाचं चिन्ह आहे. आत तीन गोष्टी दिसतील: Notifications, Hide People, Hide Dates. पहिल्यात All, Highlights आणि None असे पर्याय आहेत, तिथे None करा. हे फोनच्या सेटिंगपेक्षा बरं, कारण बाकीचे नोटिफिकेशन चालू राहतात. तुम्ही सगळेच बंद करून बसला असाल तर नाशिकच्या मावशीचा मेसेजही चुकत असेल.

मग Hide People मध्ये भावाचं नाव. त्याला किंवा त्याचं खातं सांभाळणाऱ्या कोणाला हे कळत नाही, तो मित्रयादीतूनही जात नाही. पण हे चालतं टॅगवर. फोटोत तो आहे हे फेसबुकला तुम्ही किंवा कोणीतरी सांगितलेलं असेल तरच त्याला माहीत. टॅग नसलेल्या फोटोत तो मधोमध उभा असला तरी या यादीच्या लेखी तो तिथे नाही.

एक विचारतो. त्याची खाती दोन होती का? बऱ्याच जणांची असतात, एक कॉलेजातलं, पासवर्ड विसरलेलं.

रानजाई | १९ एप्रिल, दुपारी ३.०५

होती!! एक टोपणनावाचं होतं, २०१३ पर्यंतचं. माझे जुने सगळे टॅग त्यावरच असतील. तुम्हाला कसं कळलं?

खटपट्या | १९ एप्रिल, दुपारी ३.१०

माझीच तीन आहेत. दोन्ही नावं टाका.

सदाफुली | १९ एप्रिल, दुपारी ४.४५

मला हा सगळा प्रकार जरा उलटा वाटतो. माझी आई २०१७ मध्ये गेली. मी तर वाट बघते कधी तिचा फोटो वर येतो याची. एकदा तिचा पुरणाचा कट निवळताना काढलेला फोटो आला, मी विसरूनच गेले होते की असा फोटो आहे. बंद केलं असतं तर कधीच दिसला नसता.

असो. प्रत्येकाचं वेगळं.

रानजाई | १९ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

सदाफुली, मला समजतं. मलाही घरी, रविवारी दुपारी आला तर चालेल. काउंटरवर नको, इतकंच.

खटपट्या | २० एप्रिल, सकाळी ६.५५

मग तुमच्यासाठी None पुरेसं ठरेल कदाचित, आणि लपवालपवी कमी करावी लागेल. म्हणजे आठवणींचं पान शाबूत ठेवायचं, रविवारी स्वतः उघडून बघायचं, फक्त हाक मारायची नाही. फीडच्या डोक्यावरचं कार्ड येऊ नये म्हणून Hide People. बघा, दोन्ही करून पाहा.

आता गूगल फोटोज. इथे गोष्ट उलटी आहे. फेसबुक टॅग बघतं, गूगल फोटोज चेहरा बघतं. वर उजवीकडे स्वतःच्या फोटोवर बोट ठेवा, Photos settings, मग Preferences, मग Memories. तिथे Hide people & pets आणि Hide dates आहे. चेहऱ्यांच्या यादीतून भाऊ निवडायचा.

पण तो एकदा निवडून भागत नाही. एकाच माणसाचे दोन-तीन गट झालेले असतात: दाढी असलेला, दाढी नसलेला, दहावीचा. यादी शेवटपर्यंत खाली सरकवा आणि तो जिथे जिथे दिसेल तिथे निवडा. किंवा आधी दोन्ही गटांना एकच नाव द्या, मग 'हे दोघे एकच का' असं विचारलं जातं, हो म्हणा.

आणि चेहरा नसलेला फोटो यातून सुटतो. पाठमोरा माणूस, हेल्मेट घातलेला, हॉस्पिटलच्या खाटेवरचा हात. तिथे तारखेचाच उपयोग. तुमच्या बाबतीत एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा २०२१ चा काळ टाकायला हरकत नाही.

रानजाई | २१ एप्रिल, रात्री ९.५०

खटपट्या, सगळं केलं. फेसबुक None, दोन्ही नावं लपवली. गूगलमध्ये त्याचे चार गट सापडले, एकात तो आणि आमचे बाबा एकत्र मोजलेत, दोघांचे कान सारखेच आहेत. बाबांना लपवायचं नाही म्हणून तो गट तसाच सोडलाय. १० एप्रिल ते १० मे २०२१ हा काळही लपवला.

आणि आज सकाळी त्याच्या बुलेटचा फोटो आला. गाडी एकटीच, मागे आमचं कुंपण. तो फोटो मी २०२१ च्या एप्रिलमध्येच काढला होता, तो हॉस्पिटलमध्ये असताना, त्याला दाखवायला की गाडी पुसून ठेवलीय. म्हणजे लपवलेल्या काळातलाच. मग का आला?

बंडूशेठ | २१ एप्रिल, रात्री १०.००

म्हणूनच म्हणत होतो...

खटपट्या | २१ एप्रिल, रात्री १०.१५

बंडूशेठ थांबा जरा.

रानजाई, तो फोटो तुमच्या फोनमधला मूळ आहे की कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर परत पाठवलेला? फोटो उघडा, वर सरकवा, खाली तपशील दिसतील. फाइलचं नाव काय आहे?

रानजाई | २१ एप्रिल, रात्री १०.३०

```
IMG-20220421-WA0007.jpg
```

खटपट्या | २१ एप्रिल, रात्री १०.४५

सापडलं. WA म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, आणि आधीचे आकडे म्हणजे २१ एप्रिल २०२२. तुम्ही २०२१ मध्ये काढलेला फोटो भावाला किंवा घरच्या ग्रुपवर पाठवला असणार. वर्षाने कोणीतरी तोच परत पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो गेला की तो कधी काढला ही आतली नोंद गळून पडते, उरते ती फोनवर उतरल्याची तारीख. त्यामुळे गूगल फोटोजच्या हिशेबी हा २०२२ चा फोटो आहे, लपवलेल्या काळाच्या बाहेरचा. मूळ फोटो लपलेला आहे, ही त्याची प्रत.

म्हणून स्कॅन केलेल्या जुन्या अल्बमचंही असंच होतं. १९९८ च्या मुंजीचा फोटो स्कॅन केल्याच्या तारखेला वर येतो.

उपाय दोन. एक, ही प्रत पुसा, मूळ तुमच्याकडे आहेच. दोन, प्रत ठेवायची असेल तर त्याच तपशिलात तारखेवर बोट ठेवून ती २०२१ ची करा, मग ती लपवलेल्या काळात जाते. फार फोटो असतील तर संगणकावर photos.google.com उघडून एकदम निवडून तारीख बदलता येते.

रानजाई | २१ एप्रिल, रात्री ११.०५

वहिनीने पाठवला होता. पहिल्या वर्षी, ग्रुपवर. बरोबर.

पुसत नाही. तारीख बदलली.

टोरंटोकर | २२ एप्रिल, पहाटे ५.४०

मूळ फोटो Locked Folder मध्ये टाकता येईल की. तिथला फोटो शोधात, अल्बममध्ये, आठवणीत कुठेच येत नाही. मी पासपोर्ट तिथेच ठेवतो.

खटपट्या | २२ एप्रिल, सकाळी ७.००

येईल, पण बॅकअप चालू आहे का ते आधी बघा. बॅकअप नसलेला कुलूपबंद फोटो फक्त त्या एका फोनवर असतो. अ‍ॅप काढलं किंवा फोन पाण्यात पडला की गेला. पासपोर्ट परत स्कॅन करता येतो, हा फोटो नाही. मी तरी रानजाईंना ते सुचवणार नाही.

बंडूशेठ | २२ एप्रिल, सकाळी ११.१०

खटपट्याराव, माझा पण एक प्रश्न घ्या. मी सगळं साफ केलं म्हटलं ना, परवा तरीही एक वर आलं. २०१४ चीच पोस्ट, पण २०१७ ची म्हणून दाखवतंय. भूत आहे का?

खटपट्या | २२ एप्रिल, दुपारी १.३०

२०१७ मध्ये तुम्ही ती 'आठवण' म्हणून शेअर केली होती का? 'तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं' वगैरे?

बंडूशेठ | २२ एप्रिल, दुपारी १.३५

...केली होती.

खटपट्या | २२ एप्रिल, दुपारी १.५०

आठवण शेअर केली की ती एक नवी पोस्ट होते, तिची स्वतःची तारीख असते, आणि पुढच्या वर्षी तिचीही आठवण येते. मूळ उडवलं तर शेअर केलेल्या पोस्टमध्ये मूळ मजकूर दिसत नाही, पण वर तुम्ही जे चार शब्द लिहिले ते राहतात. तेच आले असतील.

प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांतून Activity log मध्ये जा, तिथे आपल्या पोस्टची यादी येते. गाळणी लावून वर्ष निवडा, हव्या त्या पोस्टवर टिचक्या मारा, मग Archive किंवा Trash. कचऱ्यात टाकलेलं ३० दिवसांत कायमचं जातं, तोपर्यंत परत आणता येतं. आणि ज्या पोस्ट दुसऱ्यांनी टाकून तुम्हाला टॅग केलंय त्या इथून उडवता येत नाहीत, फक्त स्वतःचा टॅग काढता येतो. व्याह्यांनी तुम्हाला टॅग करून काही लिहिलं असेल तर ते त्यांच्याकडेच राहणार.

बंडूशेठ | २२ एप्रिल, दुपारी १.५५

ते राहू दे. ते त्यांना लागतं अधूनमधून.

मनुली | २२ एप्रिल, संध्याकाळी ५.२०

पोस्टची प्रायव्हसी Only me केली तर? माझ्या मैत्रिणीने तसं केलं म्हणे.

खटपट्या | २२ एप्रिल, संध्याकाळी ६.००

त्याने दुसऱ्यांना दिसायचं थांबतं. आठवणी मुळातच फक्त तुम्हाला दिसतात, त्यामुळे Only me केलेली पोस्ट तुम्हाला येतच राहते. या कामाला निरुपयोगी.

जाता जाता, हे सगळं पूर्वी अजिबात नव्हतं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये फेसबुकने वर्षाचा आढावा काढला होता, त्यात एरिक मेयर या अमेरिकन वेब डिझायनरला त्याच्या त्याच वर्षी वारलेल्या लहान मुलीचा फोटो नाचणाऱ्या चित्रांच्या चौकटीत दिसला. त्याने त्यावर लिहिलं, कंपनीने माफी मागितली. 'आजच्या दिवशी' २०१५ च्या मार्चमध्ये आलं, आणि माणसं व तारखा लपवायची सोय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. म्हणजे मधले काही महिने तेही नव्हतं.

इरावती७ | २३ एप्रिल, सकाळी १०.१०

मूक वाचक, पण एक भर घालते. मला आठवणींची मेल यायची आणि मी महिनाभर फेसबुक आणि गूगल खोदत बसले होते. ती येत होती वनड्राइव्हकडून. ऑफिसच्या लॅपटॉपने कधीतरी फोटो तिकडे चढवले होते. वेबवर वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या भागात On This Day ची खूण काढली, थांबलं. ज्यांना 'सगळं बंद केलं तरी येतं' वाटतं त्यांनी आधी कोण पाठवतंय ते नीट बघावं.

आयफोनवाल्यांना: Photos मध्ये त्या माणसाचा फोटो उघडून 'हा माणूस कमी दाखवा' असा पर्याय निवडता येतो, 'कधीच नको' असाही आहे. होमस्क्रीनवर फोटोंचं विजेट ठेवलं असेल तर तेही काढा. मी नेहमी विसरायचे.

रानजाई | ४ मे, रात्री ९.१५

सांगायचं राहिलं होतं. कालचा दिवस गेला. फोनवर आपणहून काही आलं नाही. काउंटरवर १४० टोकन झाले, महिन्याची सुरुवात, पेन्शनची गर्दी.

एकच सुटलं. मामेभावाने फेसबुकवर नवीन पोस्ट टाकली, जुना फोटो लावून, मला टॅग करून. ती आठवण नाही, कालचीच पोस्ट आहे, त्यामुळे कोणत्याच यादीत अडकली नाही. त्याला काय सांगणार. पुढच्या वर्षी मात्र ती 'आठवण' म्हणून येईल ना, टॅग मला आहे आणि भावाला नाही?

खटपट्या | ४ मे, रात्री ९.४०

येऊ शकते. स्वतःचा टॅग काढलात तर तुमच्या आठवणीत यायचं कारण उरत नाही. पोस्ट त्याच्या भिंतीवर राहते, त्याला कळवलंही जात नाही. किंवा कालची एक तारीख Hide Dates मध्ये टाका, यावेळी योग्य वर्षासकट.

रानजाई | ४ मे, रात्री ९.५५

तारीख टाकते. टॅग राहू दे.

वहिनीच्या फोनवर रविवारी बसणार आहे. तिचा फोन वेगळ्याच कंपनीचा आहे, त्यात गूगल फोटोज नाही, फोनची स्वतःची गॅलरी आहे आणि तीच गाणं लावून व्हिडिओ बनवते. त्यात माणूस लपवायची सोय सापडली नाही, फक्त सगळंच बंद करायचं बटण आहे. कोणी केलंय का?

सदाफुली | ४ मे, रात्री १०.२०

माझ्याकडे तसाच फोन आहे बहुतेक. रविवारी बघून सांगते, चष्मा लावून.